आंब्याचं हेल्पडेस्क, पाचातली एक कमी केली आणि पाच मिनिटांची वाट तासावर गेली: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण रत्नागिरी जवळच्या एका आंबा व्यवसायाचं आहे. नाव, गाव सगळं काढून टाकलंय, आकडे थोडे गोल केलेत म्हणजे हिशोब डोक्यात धरता येईल. मी पूर्वी पुण्यात कॉल सेंटरच्या प्लॅनिंगमध्ये होतो, आता इकडेच असतो, त्यामुळे ओळखीतून मला बोलावलं की बाबा जरा बघून जा काय झालंय ते.

पार्श्वभूमी

स्वतःच्या बागा, शिवाय आजूबाजूच्या चार-पाच बागायतदारांचा माल, आणि ऑनलाईन ऑर्डर घेऊन मुंबई, पुणे, नाशिक, अगदी बेंगलोर पर्यंत हापूसच्या पेट्या घरपोच. पाडव्यानंतर ऑर्डरी वाढायला लागतात आणि अक्षय्य तृतीयेला कळस होतो. पेटी पोचल्यावर लोकांचे फोन आणि व्हॉट्सॲप सुरू. "पेटी कुठपर्यंत आलीय", "फळं अजून हिरवी आहेत, पिकणार कधी", "दोन फळांत साका निघाला", "हा खरा रत्नागिरीच आहे ना" (२०१८ ला जीआय मानांकन मिळाल्यापासून हा प्रश्न जरा जास्तच ऐकू येतो). फोन असो की मेसेज, सगळं एका यादीत पडतं आणि जो मोकळा असेल तो वरची नोंद उचलतो.

या यादीवर पाच जणी होत्या, सकाळी दहा ते सहा, जेवण आळीपाळीने. सरासरी एका केसला १२ मिनिटं. "पिकणार कधी" तीन-चार मिनिटांत संपतं, पण साक्याची तक्रार असली की फोटो मागवा, ऑर्डर शोधा, कुठल्या बागेचा माल ते बघा, पैसे परत की नवीन डझन ते ठरवा, शीटमध्ये भरा, यात पंचवीस मिनिटं सहज जातात. तासाला साधारण १९ केसेस यायच्या. म्हणजे तासाला १९ गुणिले १२, एकूण २२८ मिनिटांचं काम, आणि पाच जणींकडे मिळून ३०० मिनिटं. ७६ टक्के भरलेली टीम. तेव्हा ग्राहकाला पहिलं उत्तर मिळायला सरासरी पाच मिनिटं लागत होती, कोणी तक्रार करत नव्हतं.

आता मालक, त्यांना आपण भाऊ म्हणू. भाऊ दिवसातून तीन-चार वेळा ऑफिसात डोकावायचे आणि दर वेळी एखादी मुलगी मोकळी बसलेली दिसायची. आणि खरंच दिसणार, ७६ टक्के म्हणजे कुठल्याही क्षणी पाचातली सरासरी एक, किंवा एकीपेक्षा जरा जास्तच, मोकळी असतेच. तिकडे पॅकिंग शेडमध्ये माणूस मिळत नव्हता, संध्याकाळी वाशीची गाडी भरायला उशीर होत होता. भाऊंनी साधा हिशोब केला: २२८ मिनिटांचं काम आहे, चार जणींकडे २४० मिनिटं आहेत, म्हणजे पुरतंय की. एक शेडवर पाठवली.

हा पहिला निर्णय. आणि मी मुद्दाम सांगतो, हा मूर्खपणाचा निर्णय नव्हता. बेरीज-वजाबाकी बरोबर होती. भाऊंचा अंदाज असा होता की माणसं पाचाची चार झाली, तर पाच मिनिटांची वाट फार तर सहा-सात होईल.

काय बिघडलं

पहिल्या दोन दिवसांतच वाट तासाच्या आसपास गेली. आठवड्याच्या शेवटी, शनिवारी संध्याकाळी सहाला, यादीत साठेक नोंदी पडून होत्या आणि सकाळी मेसेज टाकलेल्याला उत्तर दुसऱ्या दिवशी जात होतं.

डेस्कवर सगळ्यात जुनी जी आहे तिला ताई म्हणू. तिने भाऊंना सांगितलं की "आम्ही पाणी प्यायला पण उठत नाही ओ, तरी यादी हलत नाही." भाऊंना ते पटेना कारण त्यांच्या हिशोबात अजून १२ मिनिटं शिल्लक होती. त्यांना वाटलं मुली ढिलाई करतायत, आणि ताईला वाटलं भाऊंना कामच कळत नाही. दोघंही चिडलेले होते तेव्हा मी गेलो.

शिल्लक किती उरली ते बघा

भाऊ बघत होते माणसं किती कमी झाली ते: पाचातली एक, वीस टक्के. पण रांग उपसायला माणसं कामी येत नाहीत, मोकळी ताकद कामी येते. पाच जणी तासाला २५ केसेस करू शकत होत्या, येत होत्या १९, मोकळ्या ६. चार जणी तासाला २० करू शकतात, येतात १९, मोकळी १. म्हणजे माणसं वीस टक्के कमी झाली पण रांग उपसायची ताकद सहावरून एकावर आली.

आता तक्रारी काही घड्याळ लावून तीन-तीन मिनिटांनी येत नाहीत. एखादी गाडी उन्हात उभी राहिली, त्यातल्या पेट्या एकाच भागात पोचल्या, की पंधरा मिनिटांत सहा जादा फोन. पाच जणी असताना हे सहा फोन तासाभरात उपसले जायचे. चार जणींना तेच सहा फोन उपसायला सहा तास. आणि सहा तासांत अजून एक अशीच गाडी पोचतेच की, मग ती आधीच्या ढिगावर बसते. वाट फुगते ती इथून. कामाचा वेग फारसा बदललेला नसतो, एक गठ्ठा संपायच्या आधी दुसरा येऊन पडतो एवढंच.

भाऊंचा पुढचा प्रश्न बरोबर होता. ते म्हणाले, "पण मग मध्ये कधी फोन कमीपण येत असतील ना, तेव्हा भरून निघेल की." निघत नाही. दुपारी तीनला दहा मिनिटं फोन आला नाही तर ती दहा मिनिटं गेली, ती डब्यात भरून उद्या सकाळी अकराला वापरता येत नाहीत. गर्दी मात्र साठून राहते. रिकामा वेळ वाया जातो आणि काम साठतं, हे दोन्ही बाजूंनी सारखं नाही, म्हणून सरासरी जुळली तरी रांग राहतेच.

कोकणातल्या माणसाला हे खरं तर वेगळं सांगायला नको. आपली कोकण रेल्वे बरीचशी एकेरी मार्गाची, एक गाडी लेट झाली की क्रॉसिंगला दुसरी थांबते, तिच्यामुळे तिसरी. गणपतीत जादा गाड्या सोडल्या की रुळावर मोकळी जागा उरत नाही, आणि मग वीस मिनिटांचा उशीर पुढे जाऊन दोन तासांचा होतो. गाडीचा वेग तोच असतो, मधली फट गेलेली असते.

आकड्यांत

याचं गणित जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा इंजिनियर होता, त्याने १९१७ मध्ये सूत्र दिलं की अमुक फोन येतात, अमुक ऑपरेटर आहेत, तर माणूस किती वेळ ताटकळेल. कॉल सेंटरवाले आजही तेच वापरतात. एकच माणूस काम करत असेल तर सूत्र फारच साधं होतं:

```
वाट = कामाचा वेळ × भार ÷ (१ − भार)
```

भार म्हणजे टीम किती भरलीय ते, ८० टक्के असेल तर ०.८. खालचा (१ − भार) म्हणजे तीच शिल्लक. सगळी गंमत त्या भागाकारात आहे, शिल्लक अर्धी झाली की वाट साधारण दुप्पट, शिल्लक शून्याकडे गेली की वाट आभाळाकडे. माणसं जास्त असली तर सूत्र लांबतं, पण खाली भागायला तीच शिल्लक असते.

चार जणी आणि १२ मिनिटांची केस धरून मी भाऊंना त्यांच्याच वहीच्या मागच्या पानावर हे लिहून दिलं:

तासाला १४ केसेस, भार ७० टक्के, वाट ४ मिनिटं
तासाला १६, भार ८० टक्के, वाट ९ मिनिटं
तासाला १८, भार ९० टक्के, वाट २४ मिनिटं
तासाला १९, भार ९५ टक्के, वाट ५४ मिनिटं
तासाला १९.६, भार ९८ टक्के, वाट २ तास २३ मिनिटं

चौदावरून सोळा, दोन केसेस वाढल्या तर पाच मिनिटं जास्त. अठरावरून एकोणीस, एकच केस वाढली तर अर्धा तास जास्त. आणि शेवटच्या ओळीत अर्ध्या केसने दीड तास वाढवला. पाच जणी आणि १९ केसेस हा जुना हिशोब त्याच सूत्राने ४.८ मिनिटं येतो, म्हणजे डेस्कवर जे चालू होतं तेच.

भाऊंनी ते पान बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे ती जी मोकळी बसलेली दिसायची, ती बसलेली होती म्हणून पाच मिनिटं लागत होती?" हो. तेच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, हे सूत्र अंदाजच देतं. ते धरून चालतं की फोन दिवसभर एकाच सरासरीने पण बेभरवशाने येतात, केसेस लहान-मोठ्या आहेत, आणि कोणी कंटाळून सोडून जात नाही. शिवाय ९५-९८ टक्क्यांवर ती सरासरी गाठायलाच कित्येक दिवस लागतात, तोवर सीझन संपतो. त्यामुळे ५४ चे ५४ च होतील असं नाही, ४० होतील नाहीतर ७० होतील. पण ७ होणार नाहीत, आणि निर्णय घ्यायला एवढं पुरतं.

यादी मग साठपर्यंत का गेली

सूत्राने ५४ मिनिटं म्हणजे यादीत सरासरी १७ नोंदी. (तासाला १९ येतात आणि प्रत्येक जण ०.९ तास थांबतो, दोन्हीचा गुणाकार. हा लिटलचा नियम, कुठल्याही रांगेला लागतो आणि फार उपयोगी आहे, रांग मोजली की वाट कळते.) पण शनिवारी साठ होत्या. मग वरच्या त्रेचाळीस कुठून आल्या?

मी ताईला म्हटलं यादी उघड आणि एकेक नोंद वाच. तिने वाचायला सुरुवात केली आणि पाचव्या-सहाव्या नोंदीलाच कळलं. एकाच नंबरवरून सकाळी ११:०५ ला "दोन फळं खराब आहेत", १२:१० ला "हॅलो??", १ वाजता मिस कॉल, २:४० ला "कोणी आहे का तिकडे". चार नोंदी, माणूस एक. तासाला असे पाच-सहा परत-फोन येत होते, आणि प्रत्येकाला तीन-चार मिनिटं जायची कारण उचलून, बघून, "हो, बघतोय" असं ग्राहकाला सांगावं लागायचंच.

आता मिनिटांत मोजा. मूळ काम २२८. त्यात सहा परत-फोन, चार-चार मिनिटांचे, म्हणजे २४. एकूण २५२, आणि हातात २४०. म्हणजे टीम ९५ टक्क्यांवर राहिलीच नाही, तिने शंभर ओलांडले. आणि शंभर ओलांडल्यावर सूत्रबित्र काही नाही, सरळ ढीग वाढत जातो, तासाला १२ मिनिटांचं म्हणजे एका केसचं काम शिल्लक, दिवसाला आठ, आठवड्यात पन्नासच्या आसपास. साठ नोंदी अशा झाल्या.

वाट वाढली म्हणून फोन वाढले आणि फोन वाढले म्हणून वाट वाढली. आंब्याच्या बाबतीत याला अजून एक शेपूट आहे. मंगळवारी पेटीत दोन फळं डागी होती त्याला गुरुवारी उत्तर दिलं तर तोवर शेजारची चार अजून गेलेली असतात, मग भांडण मोठं, फोटो जास्त, परतावा जास्त, आणि बारा मिनिटांची केस वीसची होते.

अजून एक, ते १२ मिनिटं शिल्लक जे भाऊ सांगत होते ते चौघींत वाटले तर तासाला प्रत्येकी तीन मिनिटं. पाणी, बाथरूम, नेट गेलं, कोकणातली लाईट गेली. तीन मिनिटं तर लाईट आल्यावर राउटर चालू व्हायलाच लागतात. कागदावरचे ९५ टक्के हे हातात कधीच ९५ नसतात.

पर्याय

पाचवी मुलगी परत आणा, हा सगळ्यात सरळ पर्याय होता आणि सगळ्यात आधी तोच डोक्यात येतो. पण शेडवरची अडचण खरी होती, गाडी उशिरा सुटली की माल वाशीला उशिरा पोचतो आणि भाव पडतो. त्यामुळे भाऊ एकदम हो म्हणेनात, आणि मला त्यात चूक वाटत नाही.

दुसरा पर्याय मी जायच्या आधीच करून झाला होता. भाऊंच्या पुतण्याने सुचवलं की दोन टीम करू, दोघी फक्त तक्रारी बघतील आणि दोघी बाकीचं, म्हणजे जो तो आपल्या कामात तरबेज. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. केलं, आणि वाट आणखी वाढली. सूत्राने बघितलं तरी तेच येतं, चौघींची एक रांग ९५ टक्क्यांवर ५४ मिनिटं, पण दोघी-दोघींच्या दोन रांगा त्याच ९५ टक्क्यांवर १११ मिनिटं, जवळजवळ दुप्पट. कारण तक्रारवाल्या बुडालेल्या असताना बाकीच्या दोघी कधीमधी मोकळ्या असायच्या आणि त्यांनी तिकडची नोंद उचलायची नाही असा नियम. आधीच चिमूटभर शिल्लक, ती पण दोन पुड्यांत बांधून ठेवली.

तिसरा, ओव्हरटाईम. रात्री आठपर्यंत दोघी थांबतील. याने साठलेला ढीग कमी होतो हे खरं, पण सकाळी अकराची गर्दी तशीच राहते. ढीग उपसायला चांगला, रोजच्या वाटेवर औषध नाही.

चौथा, केसचा वेळ कमी करणे. हा मला सगळ्यात जास्त आवडतो कारण लोकांना याची ताकद कळत नाही. चार जणी, तासाला १९ केसेस, फक्त १२ मिनिटांच्या जागी ११ करा. भार ९५ वरून ८७ टक्के होतो आणि वाट ५४ वरून १६ मिनिटांवर येते. एका मिनिटाने अडतीस मिनिटं वाचतात. ज्या उतारावरून घसरलो त्याच उतारावरून परत चढायलाही थोडंच बळ लागतं, हे कड्याच्या काठावरचं एकमेव सुख.

पाचवा, फोनच कमी येतील असं करणे. तासाला १९ चे १७ झाले तर वाट १४ मिनिटांवर.

काय केलं

आधी रांग एक केली, त्याच दिवशी. याला खर्च शून्य.

मग ढीग. साठ नोंदी आणि तासाला एक केसची शिल्लक म्हणजे परत-फोन पूर्ण थांबले तरी उपसायला साठ तास, म्हणजे आठवडाभर, आणि ढीग असेपर्यंत परत-फोन थांबत नाहीत. त्यामुळे आधी ढीग शून्यावर आणल्याशिवाय बाकीच्या कुठल्याही सुधारणेचा परिणाम दिसणार नव्हता. रविवारी डेस्क बंद असतं, तेव्हा चौघी, शेडवर गेलेली, आणि पुतण्या असे सगळे बसले. एका नंबरच्या सगळ्या नोंदी आधी एकत्र केल्या, तिथेच साठच्या चाळीसच्या खाली आल्या. दुपारी जेवणापर्यंत यादी कोरी.

मग वेळ. ताईला विचारलं की साक्याच्या केसमध्ये वेळ नक्की कुठे जातो. तिने एक केस माझ्यासमोर केली. फोटो आला, ऑर्डर सापडली, सगळं सात-आठ मिनिटांत. मग तिने भाऊंना फोन लावला, "भाऊ, चार फळांचे पैसे देऊ का?" भाऊ बागेत, रेंज नाही. परत लावला. परत लावला. मग ग्राहकाला "थोड्या वेळाने कळवते" म्हणून नोंद अर्धवट ठेवली, दुसरी उचलली, भाऊंचा फोन आला तेव्हा पहिली परत उघडून परत वाचली. हा खरा वेळखाऊ प्रकार. आणि भाऊ शंभरातल्या जवळपास सगळ्यांना "दे" च म्हणायचे. इथे निर्णय झाला की एका डझनापर्यंत डेस्कनेच ठरवायचं, भाऊंना विचारायचं नाही, संध्याकाळी यादी दाखवायची. भाऊंना हे जड गेलं. पैशाचा निर्णय आहे, समजू शकतो. पण सरासरी बारावरून अकराच्या आसपास आली ती यानेच.

मग सकाळ. दिवसभर सारखे १९ फोन येतच नव्हते. पेट्या सकाळी पोचतात, लोक उघडतात, त्यामुळे अकरा ते एक तासाला २२ आणि बाकीचे सहा तास १८, सरासरी १९. म्हणजे त्या दोन तासांत चार जणींचा भार ११० टक्के होता आणि ९५ टक्क्यांच्या सरासरीखाली तो लपला होता. आणि शेडचं काम? ते दुपारशिवाय सुरूच होत नव्हतं, माल उतरला, प्रतवारी झाली की मग पॅकिंग, गाडी रात्री. सकाळी शेडवर गेलेली ती मुलगी अक्षरशः रद्दी पेपर कापत बसलेली. तिला साडेदहा ते दीड डेस्कवर आणि नंतर शेडवर असं ठरलं. हे दोन्ही कामांची गर्दी वेगवेगळ्या वेळेला होती म्हणून जमलं, प्रत्येक ठिकाणी असं जमेलच असं नाही.

पाचवा पर्याय अर्धाच केला. पेटीत एक चिठ्ठी टाकायला लागले, गवतातून फळं काढू नका, किती दिवस थांबा, कापायच्या आधी वास कसा बघा. "पिकणार कधी" चे फोन थोडे कमी झाले, पण चिठ्ठी वाचणारी माणसं फोन न करणारीच असतात असा ताईचा अनुभव आहे.

परिणाम

पुढच्या आठवड्यात पहिलं उत्तर साधारण दहा ते पंधरा मिनिटांत जायला लागलं. परत-फोन तीन-चार दिवसांत जवळजवळ थांबले, आणि माझ्या मते अर्धा फरक त्यानेच पडला. पाच जणींच्या काळातली पाच मिनिटं परत आली नाहीत, त्याची गरजही नव्हती. गाडी वेळेत सुटत राहिली.

अक्षय्य तृतीयेला मात्र परत कोसळलं. दोन दिवस तासाला तीसच्या आसपास फोन होते, चार काय पाच जणींनाही ते झेपणारे नव्हते. तिथे टीम कशीही फिरवली तरी ढीग होणारच, तेव्हा फक्त एवढं केलं की आलेल्या प्रत्येकाला "उद्या बारापर्यंत उत्तर देतो, परत मेसेज टाकू नका, तुमचा नंबर लागलाय" असा मेसेज गेला आणि बाराच्या आत खरंच उत्तर दिलं. परत-फोन आले, पण आधीइतके नाही.

वेगळं काय करता आलं असतं

माणूस हलवायच्या आधी "काम पुरतंय का" याच्या जागी "तासाला शिल्लक किती केसेस राहणार" हे विचारलं असतं तर सहावरून एक हे समोर दिसलं असतं. त्याला सूत्र लागत नाही, वजाबाकी लागते. आणि मुलगी पूर्ण दिवस पाठवायच्या जागी दुपारपासून पाठवली असती तर कदाचित हे प्रकरण लिहायलाच लागलं नसतं.

दुसरं, बघायचं काय ते चुकलं. डेस्कवर कोण मोकळं आहे ते डोळ्याला दिसतं, ग्राहक किती वेळ थांबलाय ते दिसत नाही, म्हणून भाऊ दिसतं ते मोजत होते. आता यादीत सगळ्यात जुनी नोंद किती मिनिटांची आहे ते वर लाल अक्षरात येतं. तो आकडा अर्ध्या तासावर गेला की ताई शेडमधून माणूस मागवू शकते, भाऊंना न विचारता. तिने आतापर्यंत फार वेळा मागवलेलं नाही.

तिसरं, ज्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. किती टक्क्यांवर थांबायचं? भाऊंना एक आकडा हवा होता. मी ८५ म्हटलं, पण तो या डेस्कचा आकडा आहे, चार-पाच माणसं आणि पंधरा मिनिटं थांबायला तयार असलेला ग्राहक. पन्नास जणांचं कॉल सेंटर ९० टक्क्यांवरही आरामात चालतं कारण मोठ्या टीममध्ये कोणी ना कोणी मोकळं होतच असतं. आणि एकटा माणूस असेल, म्हणजे गावातला एकच बोटीचं इंजिन दुरुस्त करणारा, तर त्याच्याकडे ८० टक्क्यांवरच कामाच्या चौपट वेळ थांबावं लागतं. ऑफ सीझनला भाऊ डेस्कवर दोघीच ठेवणार आहेत, कोकम आणि काजूच्या ऑर्डरीसाठी. दोघींना ८५ टक्के जास्त होतील असं मी सांगितलंय, ७० च्या आसपास ठेवा. भाऊ म्हणाले बघू, आधी पावसाळ्यात ऑर्डरी किती येतात ते तरी कळू दे.